खुलासा: डबलरमधून '२४ व्होल्ट' मिळत नाहीत

व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या डबलर सर्किटबद्दल एक मेसेज फिरतो आहे: '१२ व्होल्ट ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, दोन कपॅसिटर. पक्के २४ व्होल्ट डीसी. २५ व्होल्टचे कपॅसिटर चालतात.'

हे चुकीचं आहे. १२ व्होल्ट हे आरएमएस मूल्य. कपॅसिटर शिखरापर्यंत, म्हणजे सुमारे १७ व्होल्टपर्यंत भरतो. त्याची दुप्पट ३४, दोन डायोडचे दीडेक व्होल्ट वजा. लोड नसताना मीटर साडेबत्तीसच्या आसपास दाखवतो, ट्रान्सफॉर्मर रिकामा असल्याने थोडं जास्तच. आउटपुटचा कपॅसिटर ५० व्होल्टचाच हवा. २५ चा फुगतो, फुटूही शकतो.

आणि 'पक्के' तर नाहीतच. हाफ-वेव्ह जोडणीत आउटपुटचा कपॅसिटर सेकंदाला ५० वेळाच भरतो, मधल्या काळात लोड त्यातूनच ओढतो. १०० मिलिअँपिअर आणि दोन्ही १००० मायक्रोफॅरड धरले तर रिपल, म्हणजे आउटपुटमधला चढउतार, जवळपास २ व्होल्ट. पहिला कपॅसिटरही तेवढाच रिता होत असल्याने शिखरही २ व्होल्टने उतरतं: साडेअठ्ठावीस ते साडेतीस. प्रवाह दुप्पट, तर रिपलही दुप्पट.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.