ठिपक्यांची अक्षरं: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ठिपके जोडून मुलं फक्त ठिपके जोडायला शिकतात, अक्षर नाही. आमच्या मुलाने तुमची शीट्स गिरवली तरी वहीत म काढताना काना खालून वर ओढतो. आणि चार रेघा का नाहीत? एवढे बाण तरी कशाला?"

ताई, पहिल्या वाक्याशी मी बऱ्यापैकी सहमत आहे, पण सगळा दोष ठिपक्यांवर घालू नका. ठिपके लांब लांब असले की मूल पुढचा ठिपका शोधत बसतं, म्हणून वळणावर ते दाट लागतात, म्हणजे हात न थांबता फिरतो. नेटवरचे काही फुकट फॉन्ट तर विचारूच नका, साध्या फॉन्टच्या कडेला ठिपके मारलेले असतात, मग पोरगं दुहेरी भिंतीचं पोकळ अक्षर काढतं! ठिपके अक्षराच्या मधोमध एकाच रेघेत हवेत.

आता तुमचा म. डावीकडची छोटी काठी वरून खाली, तिच्या टोकाला गाठ, तिथूनच आडवं जाऊन कान्याच्या जागेपर्यंत, मग हात उचलून काना वरून खाली, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. यातलं काहीच नुसत्या ठिपक्यांत दिसत नाही, आणि काना उलटा ओढला तरी गिरवलेला म अगदी बरोबर दिसतो, त्यामुळे कागद तपासून कळतच नाही, लिहिताना हाताकडे बघावं लागतं. म्हणूनच बाण. पण बाण रेघेवर नको, शेजारी हवा, सुरुवातीला हिरवा ठिपका आणि १, २, ३ आकडे. आणि हे सगळं ओळीतल्या पहिल्या अक्षरालाच, पुढच्या दोन-तीन अक्षरांना फक्त ठिपके आणि हिरवी सुरुवात, मग नुसती सुरुवात, शेवटी रिकामी जागा. तुमचा मुलगा त्या रिकाम्या जागा सोडून पुढच्या ओळीवर जात असेल तर वहीत चुकणारच, खरी परीक्षा तिथेच आहे.

चार रेघा इंग्रजीसाठी ठीक, तिथे b ची काठी वर जाते, g ची शेपटी खाली. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं, म्हणून मराठीला दुरेघी, वरची रेघ ठळक, खालची फिकट. खरी गडबड रेघांच्या दोन जोड्यांमधल्या जागेत होते. वरच्या ओळीत 'मू' आणि बरोबर खाली 'मी' आला की उकार आणि वेलांटी एकमेकांत घुसतात, म्हणून मधली जागा अक्षराच्या उंचीएवढी तरी सोडते मी, अर्धी उकाराला, अर्धी वेलांटीला. कागद जास्त लागतो, हो, मान्य.

आणि प्रिंट काढताना Actual size निवडा, Fit ठेवलं तर मोबाईलवरून काढलेलं शीट बारीक होतं आणि छोट्या बोटांना ती गाठ वळवायला जागाच उरत नाही.