'कॅन्सल थोडाच होतोय!'

बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या पाळीवर आमची बैठक संध्याकाळी सातनंतर जमते. मी, मिलिंद, शुभांगी, हिरेन आणि बापूकाका असे पाच जण ठरलेले. पाच महिन्यांपासून लीनाही असते. ती कोट्टायमची, पुरातत्त्व शिकायला बडोद्याला आली आहे. मल्याळम तिची मातृभाषा. इंग्रजी चांगलं येतं, पण हिंदी रिक्षावाल्याशी भाव करण्यापुरतं. मराठी आणि गुजराती तर तिने इथे येईपर्यंत कानांनीही ऐकलं नव्हतं.

गेल्या रविवारी चांपानेरला जायचं ठरलं होतं. बडोद्यापासून 50 किलोमीटरच्या आसपास, 2004 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेली जागा. तिथली जामी मशीद लीनाला बघायची होती म्हणून तर हा बेत निघाला. जीप पावणेसातला पाळीपाशी आली. आम्ही पाचही जण वेळेवर हजर, लीनाचा पत्ता नाही. फोन वाजून वाजून थांबला. अर्धा तास वाट बघून आम्ही निघालो. दुपारी तिचा निरोप आला की बेत रद्द झालाय असंच ती समजली होती, म्हणून फोन बंद आवाजावर ठेवून उशिरापर्यंत झोपली.

सोमवारी पाळीवर सगळे जमले तेव्हा चांगलीच जुंपली. लीना समोरच बसलेली होती, त्यामुळे ज्या गोष्टीवर वाद चालला होता ती वाद घालतानाच निभवावी लागत होती.

मिलिंदला पहिल्यांदा पटेचना. "मी शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं होतं!" काय सांगितलं होतं ते शुभांगीने जसंच्या तसं आठवून दाखवलं: "ड्रायव्हरला ॲडव्हान्स गेलाय, आता संडेचा प्लॅन कॅन्सल थोडाच होतोय!"

लीनाला विचारलं, यातलं तुला काय ऐकू आलं? तिने बोटांवर मोजून सांगितलं: ड्रायव्हर, ॲडव्हान्स, संडे, प्लॅन, कॅन्सल. पाच शब्द, पाचही ओळखीचे, आणि अर्थ नेमका उलटा. वाक्याचा सगळा भार 'थोडाच' वर होता. 'थोडाच होतोय' म्हणजे अजिबात होत नाही, हे आपल्याला उमजायला क्षणही लागत नाही. तिच्या लेखी तो एक आवाज होता. त्या आधी आम्ही पावसाबद्दल बोलत होतो, म्हणून तिने जोडून घेतलं की पावसामुळे रद्द, आणि आगाऊ दिलेले पैसे अडकले. त्या रात्री ग्रुपवर कुणी काही लिहिलंही नाही. आमच्या दृष्टीने सगळं ठरलेलंच होतं.

"पण मी एवढे इंग्रजी शब्द वापरले ते तिच्यासाठीच ना," मिलिंद म्हणाला. तो खरंच तसं समजत होता, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच समजत होतो. इंग्रजी शब्द पेरले की समोरच्याला निम्मं तरी कळत असेल, असं आपण धरून चालतो.

शुभांगीने भाषाशास्त्रात एम.ए. केलंय. तिचं म्हणणं असं की अशा मिश्र बोलण्यात दोन भाषा समसमान नसतात. एक भाषा सांगाडा पुरवते, दुसरी त्यात शब्द भरते. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी 1993 मध्ये हीच गोष्ट मांडली, आणि सांगाड्याच्या भाषेला 'मॅट्रिक्स' असं नाव दिलं. मिलिंदच्या वाक्यात सांगाडा मराठीचा. 'ला', 'चा', 'गेलाय', 'थोडाच', 'होतोय' हे सगळं मराठी. कुणी केलं, कुणाला दिलं, झालं की होणार, हो की नाही, हे सगळं सांगाड्यातच असतं. इंग्रजीतून येतात ती बहुतेक नावं. "म्हणजे तिला तू वस्तूंची यादी दिलीस रे," शुभांगी म्हणाली, "काय घडलं ते तुझ्याजवळच राहिलं."

यावर लीना इंग्रजीत जे बोलली ते मला अजून आठवतंय. ती म्हणाली, तुम्ही निव्वळ मराठीत बोलता तेव्हा मला कळतं की मला कळत नाहीये, मग मी विचारते. अर्धंमुर्धं इंग्रजी आलं की मला वाटतं कळलं, आणि मी विचारत नाही.

मिलिंद थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने तोडगा काढला: "ठीक आहे. आजपासून पाळीवर फक्त इंग्रजी."

आता हिरेन उसळला. त्याला इंग्रजी अडत नाही, पण त्याने बापूकाकांकडे बोट दाखवलं. बापूकाका बँकेतून निवृत्त झालेत, मराठी आणि गुजराती दोन्ही अस्खलित, इंग्रजी वाचतातही. ते म्हणाले, "समजतं रे मला सगळं. पण बोलायला घेतलं की मनात वाक्य जुळेपर्यंत तुमचा विषय पुढच्या गल्लीत गेलेला असतो." आणि ते खरंच होतं. मागे एकदा लीनासाठी म्हणून अख्खी संध्याकाळ इंग्रजीत घालवली होती, तेव्हा काका दोनदाच बोलले, तेही चहा सांगायला. आमच्यातलं कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. एकीला आत घेताना दुसऱ्याला बाहेर काढलं होतं.

"हिंदी?" मी विचारलं. लीनाने मान हलवली. हिंदीत तिला भाव विचारता येतो, मत सांगता येत नाही.

हिरेनचा मुद्दा वेगळा होता. तो म्हणाला, "हुं तो गुजरातीमां ज बोलुं छुं, तमे मराठीमां बोलो छो, कोईने वांधो नथी आवतो." मग लीनाचंच काय एवढं, असं त्याचं म्हणणं. हे बडोद्याचं खरंच आहे. हिरेन आयुष्यात मराठी वाक्य धड बोललेला नाही, पण त्याला आमचा टोमणासुद्धा कळतो. दांडिया बाजारात अशी कितीतरी घरं आहेत जिथे प्रश्न एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत असतं. शुभांगीने त्याला कुपवाडची गोष्ट सांगितली. सांगलीजवळच्या या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली लिहिलं की तिथे तिन्ही भाषांची वाक्यरचना एकमेकींकडे इतकी सरकली आहे की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द लावून दुसरीत नेता येतं. "तुझी गुजराती आणि आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या एका ओट्यावर बसलेल्या आहेत. लीनाला पाच महिने झालेत."

हिरेनला ते पटलं.

मग बापूकाकांनीच विचारलं, "तर मग तुला नेमकं काय हवंय, बाळ?" शुभांगीने ते इंग्रजीत केलं. लीनाला सगळं भाषांतर नकोच होतं. तिलाही दिवसभर इंग्रजीत जगण्याचा कंटाळा येतो. आमच्या गप्पांचा सूर कानावर पडत राहिला तर तिला बरंच वाटतं. तिला हव्या होत्या दोनच गोष्टी. विषय बदलला की बदलताना एक ओळ, म्हणजे बोलणं कशावर चाललंय तेवढं तरी कळेल. आणि ठरलं काय, ते पूर्ण वाक्यात.

'बदलताना' वर तिचा फार जोर होता. एरवी होतं काय, आम्ही पाच मिनिटं मराठीत हसतो, मग कुणाला तरी तिची आठवण येते आणि तो म्हणतो, "नथिंग, जस्ट समथिंग अबाउट मिलिंद." पाच मिनिटांची एक ओळ, तीही सगळे हसून झाल्यावर. ती म्हणाली, ते ऐकणं मुळीच न ऐकण्यापेक्षा जड जातं. हे मला लागलं, कारण तो 'नथिंग' बहुतेकदा माझा असतो. विषय आधी कळला तर चेहरे, हातवारे आणि तेच पेरलेले इंग्रजी शब्दही तिला उपयोगी पडतात. विषयच ठाऊक नसला तर तेच शब्द चकवतात.

मिलिंद व्यवहारी माणूस. "चला, पुढच्या रविवारचं ठरवून बघू," म्हणाला. हिरेनने सुरुवात केली: "लीना, वी आर फिक्सिंग चांपानेर अगेन." मग पंधरा मिनिटं आमची मराठी-गुजराती चालली. जीप तीच घ्यायची का, पावागडचा रोपवे करायचा की नाही, काकांच्या गुडघ्याचं काय. मध्ये भाड्यावरून मिलिंद आणि हिरेनचं जोरात वाजलं, तेव्हा शुभांगी लीनाकडे वळून एवढंच म्हणाली, "दे आर फायटिंग अबाउट द फेअर, नॉट अबाउट यू." भांडण इंग्रजीत करा असं कुणी म्हणणार नाही, ते जमणारही नाही. पण भांडण कशावर आहे, ते सांगायला दहा सेकंद पुरले.

ठरल्यावर मिलिंदने सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा तीच गाडी: "ओके, संडेला पिकअप पावणेसात..." शुभांगीने त्याला अडवलं. सांगाडा बदल, म्हणाली, शब्द नको. तो थांबला आणि सुरुवातीपासून म्हणाला, "द जीप विल कम हिअर ॲट क्वार्टर टू सेव्हन ऑन संडे. वी आर गोइंग ईव्हन इफ इट रेन्स."

मग शुभांगीने लीनाला उलट सांगायला लावलं. 'कळलं का?' असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. लीना म्हणाली, "संडे, क्वार्टर टू सेव्हन, हिअर, रेन ऑर नो रेन."

"क्वार्टर टू?" हिरेन दचकला. त्याने सव्वासात धरलं होतं. भाड्याच्या नादात 'पावणे' त्याच्या कानावरून निसटलं होतं. बरोबर तीच होती, चूक आमच्यातल्याची होती. तिने उलट सांगितलं नसतं तर या वेळी हिरेन मागे राहिला असता.

याने वेळ जातो, हे मिलिंदचं म्हणणं खरं आहे. गप्पांच्या ओघात दर वळणावर एक ओळ सांगायची म्हणजे ओघ तुटतोच. त्यावर शुभांगी म्हणाली की रोज एकाचीच पाळी नको, लीनाच्या शेजारी जो बसेल त्याने त्या दिवशी ती ओळ सांगायची. कालपासून तसं चाललंय. काल माझी पाळी होती आणि मी तीनदा विसरलो. तिसऱ्यांदा लीनानेच कोपराने ढोसलं.

उठता उठता बापूकाकांना रविवारच्या खाण्याचं सांगायचं होतं. ते लीनाकडे वळले. "ऑन संडे... आय विल ब्रिंग..." आणि थांबले. मिलिंद त्यांच्यासाठी वाक्य पुरं करायला निघाला होता, शुभांगीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. लीना नुसती वाट बघत होती.

"...दशमी," काका म्हणाले. मग दुधात पीठ कसं मळायचं ते हातांनी दाखवायला लागले.