पेन ड्राइव्हवर जागा आहे, तरी मोठा व्हिडिओ का जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, असं तुम्ही ठासून लिहिलंय. माझ्या मॅकवरून ३२ जीबीच्या ड्राइव्हवर ४.२ जीबीचा व्हिडिओ व्यवस्थित गेला, ४.६ चा अडला, आणि वीस जीबी तर रिकामी आहे. म्हणजे ड्राइव्हच खराब असणार. उगाच लोकांना फॉरमॅट करायला लावू नका, डेटा जातो."

तुमचा ४.२ जीबीचा दाखला अगदी बरोबर आहे आणि माझं वाक्य सैल होतं. "४ जीबी" असं लिहून मोकळं होण्याऐवजी नेमका आकडा द्यायला हवा होता. तो आहे ४,२९,४९,६७,२९५ बाइट. मॅक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, त्यामुळे तुमचा ४.२ जीबीचा व्हिडिओ ४२० कोटी बाइटांच्या आसपास आहे. तो मर्यादेच्या आत बसला. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, तिथे हीच फाइल ३.९१ जीबी दिसेल. ४.६ वाली मात्र ४६० कोटी बाइटांची, म्हणजे मर्यादेच्या तीस कोटी बाइट पुढे गेली. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकाच नियमात बसतात.

हा आकडा येतो कुठून, ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. तुमचा ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. या पद्धतीत प्रत्येक फाइलची ३२ बाइटांची एक नोंद असते: नाव, तारीख, पहिला तुकडा कुठे ठेवलाय, आणि शेवटच्या चार बाइटांत फाइलची लांबी. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, चार बाइटांत २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ गुणिले २५६. त्यातला सर्वात मोठा आकडा म्हणजे वरचा ४,२९,४९,६७,२९५. तुकड्यांची साखळी याहून लांब जाऊ शकली असती, ड्राइव्हवर जागाही होती. लांबी लिहायलाच जागा नव्हती. ४६० कोटी हा आकडा तिथे जबरदस्तीने कोंबला असता, तर गाडीचं मीटर पुन्हा शून्यावरून सुरू व्हावं तसं होऊन नोंदीत फक्त ३०,५०,३२,७०४ उरले असते, आणि साडेचार जीबीचा व्हिडिओ तीनशे एमबीचा असल्याचं दिसलं असतं. म्हणून संगणक कॉपी करायलाच नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

ड्राइव्ह खराब आहे का, हे घरच्या घरी कळतं. ४.६ वाली फाइल बाजूला ठेवा आणि दोन-अडीच जीबीच्या तीन फाइली एकामागून एक टाका. तिन्ही गेल्या, उघडल्या, शेवटपर्यंत चालल्या, तर ड्राइव्ह ठीक आहे. खराब ड्राइव्ह लहान फाइलीवरही अडतो, मध्येच थांबतो किंवा निघून जातो. मर्यादेचा अडथळा मात्र दरवेळी त्याच फाइलीला येतो. फाइंडरमध्ये ड्राइव्हच्या Get Info खिडकीत Format पुढे MS-DOS (FAT32) दिसलं की शंका उरत नाही.

आता फॉरमॅटचं. त्यात डेटा जातो हा तुमचा इशारा खरा आहे आणि तो मी लेखात वर, ठळक लिहायला हवा होता. विंडोजवर `convert` ही आज्ञा फाइली न पुसता एफएटी३२ चं एनटीएफएस करते, पण तुम्हाला मी ती सुचवणार नाही, कारण मॅक एनटीएफएसवरच्या फाइली वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. तुमच्यासाठी एक्सफॅट ही फॉरमॅटची पद्धतच बरी. त्यात लांबीसाठी चारऐवजी आठ बाइट आहेत, म्हणजे व्हिडिओसाठी मर्यादा नाहीच म्हणा ना. आधी ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे उतरवा, एखाद-दोन फाइली उघडून पाहा, मगच Disk Utility मध्ये Erase करा. यादीत ExFAT निवडा आणि Scheme विचारला तर Master Boot Record ठेवा, कारण अनेक टीव्हींना दुसरा प्रकार ओळखता येत नाही.

एक अडचण तरीही उरते. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचतच नाहीत. तुमचा ड्राइव्ह तशा टीव्हीला लावायचा असेल तर फॉरमॅटला हातच लावू नका, ffmpeg या व्हिडिओ कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅमने टर्मिनलमधून व्हिडिओचे तासातासाचे भाग करा, film.mp4 च्या जागी तुमच्या फाइलीचं नाव घाला:

```
ffmpeg -i film.mp4 -c copy -f segment -segment_time 3600 -reset_timestamps 1 part%d.mp4
```

यात चित्र पुन्हा तयार होत नाही, फक्त कापलं जातं. त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि काम लवकर उरकतं. काप बरोबर तासावर न पडता थोडा पुढे पडेल, तेवढं चालवून घ्या. एखादा भाग तरीही ४२९ कोटी बाइटांच्या वर गेला तर 3600 च्या जागी 1800 घाला.

मूळ लेखातला आकडा आणि डेटाचा इशारा आज दुरुस्त करतो आहे.