99 बाटचा पॅक, 100 बाट भरले, तरी नेट नाही!

डोकं फिरलंय नुसतं. या थाई मोबाइल कंपनीच्या साइटवर भाषा बदलायचं बटण आहे, पण ते शोभेला. वरचा मेनू तेवढा इंग्रजी होतो, पैसे भरायच्या पानावर पुन्हा सगळं थाई. ब्राउझरकडून भाषांतर करून घ्यावं, तर प्लॅनची नावं नि किमती चित्रात छापलेल्या. त्यांचं भाषांतर होणार कसं?

दादा-वहिनी फुकेतला. टूरिस्ट सिम 8 दिवसांचं, मुक्काम लांबला, आणि रिचार्जचं लचांड इंदूरला बसलेल्या माझ्या गळ्यात. आपल्याकडे प्लॅन निवडला, पैसे भरले की नेट सुरू. तिकडे आधी बॅलन्स भरायचा आणि मग त्या बॅलन्समधून पॅक घ्यायचा. เติมเงิน असं लिहिलेल्या बटणाने नुसता बॅलन्स भरला जातो. नंबर जिवंत राहतो, नेटचा पॅक मिळत नाही. हे त्या पानावर एका ओळीत लिहायला काय जातं यांचं?

बरं, पॅक 99 बाटचा, म्हणून 100 भरले. तर म्हणे बॅलन्स अपुरा! का? तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की किमतीत 7 टक्के व्हॅट धरलेला नाही. म्हणजे 99 चे झाले 105.93. अरे, मग तोच आकडा मोठा लिहा ना! आता वरच्या सहा बाटांसाठी पुन्हा कार्ड, पुन्हा ओटीपी. तो येईपर्यंत पानाची वेळ संपलेली. आणि तिकडून हॉटेलच्या वायफायवर दादा: "अरे, झालं का? टॅक्सी बोलवायचीये!"

त्यात पॅकची नावं सगळी सारखीच. एकावर 4 Mbps, दुसऱ्यावर 4 GB, मुदत दोन्हींची 7 दिवस. घाईत बघणाऱ्याला दोन्हीकडे 4 च दिसतो. पहिल्यात डेटा हवा तेवढा वापरा, पण वेग सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. दुसऱ्यात 4 जीबीपर्यंत पूर्ण वेग, ते संपले की थेट 384 केबीपीएस. त्यात मेसेज जातात, नकाशा रखडतो, व्हिडिओ कॉलचं तर नावच नको. वहिनीला रोज रात्री मुलांशी व्हिडिओवर बोलायचं असतं, म्हणजे तिला पहिलाच हवा. पण जाहिरात मोठी कुणाची? दुसऱ्याची!

शेवटी पॅक लागला एकदाचा. मग वहिनीचा फोन, "भाऊजी, मुदतीत 69 साल दाखवतंय, गेले वाटतं पैसे?" गेले नाहीत हो. ते 2569, त्यांचं बौद्ध वर्ष, 543 वजा केले की आपलं 2026. मेसेजमध्ये तारखा मात्र दोन. एक नंबरच्या मुदतीची, एक पॅकची, आणि कुठली कशाची ते थाईत. परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून विकता ना हे सिम? आम्ही काय फुकट मागतोय? पैसे देतोय बाबा, घ्या की सरळ!