हंसमान चंबूत हवा शिरत होती की नाही?

“पाश्चरने चंबूची मान वाकवली, त्यामुळे आत हवा गेली नाही आणि द्रव नासला नाही. बरोबर ना?”

नाही. मानेचे टोक उघडेच होते, आणि सगळी खुबी त्यातच आहे. निर्जीव द्रवातून सूक्ष्मजीव आपोआप उपजतात की बाहेरून येतात, असा तेव्हा वाद होता. हवा बंद केली असती तर ते आपोआप उपजतात असे मानणारे विरोधक लगेच म्हणाले असते, “हवेतली जीवनशक्तीच तुम्ही अडवलीत!” आधीच्या प्रयोगांवर हाच आक्षेप होता.

लुई पाश्चरने 1860 च्या सुमारास साखर घातलेले यीस्टचे पाणी चंबूत भरले, चंबूची मान तापवून लांब, नागमोडी ओढली आणि द्रव उकळला. वाफेने आतली हवा बाहेर ढकलली. चंबू निवताना बाहेरची हवा हळूहळू परत आत आली, पण तिच्यातली धूळ आणि तिला चिकटलेले सूक्ष्मजीव मानेच्या ओलसर वळणात अडकले. द्रव महिनोन्‌महिने स्वच्छ राहिला.

मग त्याने काही चंबूंची मान तोडली. थोड्याच दिवसांत द्रव गढूळ झाला. चंबू कलता करून द्रव वळणापर्यंत नेऊन परत आणला, तरी तेच. म्हणजे जीव येत होते ते धुळीतून. नुसत्या हवेतून नव्हे.

एक अडचण मात्र खरी होती. पाश्चरचा विरोधक फेलिक्स पूशे वाळलेल्या गवताचा काढा वापरायचा, आणि तो उकळूनही नासायचा. गवतावरच्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, हे 1870 च्या दशकात फर्डिनांड कोह्न आणि जॉन टिंडल यांच्या कामातून उलगडले. पाश्चरने गवत घेतले असते, तर त्याचे चंबूही फसले असते.