सांगितलं असतंस तर केलं असतं

नोकरी करणाऱ्या बायकोशी लग्न केलेल्या तमाम बंधूंनो, घाबरू नका. पेपरात डोकं खुपसून बसायचा वडिलोपार्जित उपाय आता चालत नाही हे खरं, पण त्याहून सुरक्षित उपाय आहे आणि गेली अकरा वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या घरात मी तो यशस्वीपणे वापरतोय. कामाला नाही म्हणायचंच नाही. मोठ्या मनाने हो म्हणायचं. फक्त ते काम आपल्याला कोणीतरी सांगितलं पाहिजे, एवढी एक माफक अट ठेवायची.

‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ हे वाक्य पाठ करा. यात तुम्ही कामसू ठरता आणि चूक सांगायला विसरणारीची ठरते. आता सांगण्यासाठी आधी ते काम दिसावं लागतं, लक्षात ठेवावं लागतं आणि योग्य वेळी आठवावं लागतं. पण त्याला थोडंच कोणी काम म्हणतं!

मटकीचंच घ्या. मंगळवारी चिरंजीवांच्या डब्यात मटकीची उसळ आहे. ती मंगळवारी सकाळी फोडणीला पडते, दहा मिनिटांत होते, आणि त्या दिवशी फोडणी मी दिली असेल तर माझी आई आठवडाभर चार घरी सांगते. पण मटकी काही मंगळवारी सकाळी सुरू होत नाही. ती रविवारी रात्री भिजत पडावी लागते. आठ-दहा तासांनी, म्हणजे सोमवारी सकाळी ऑफिसच्या गडबडीत, उपसून फडक्यात घट्ट बांधावी लागते. थंडी असेल तर मोड यायला उशीर लागतो, म्हणून पुरचुंडी उबेला ठेवायची. उकाडा असेल तर उलट भीती, जास्त राहिली की तार सुटते आणि आंबूस वास मारते. म्हणजे मंगळवारी डब्यात काय द्यायचं हे रविवारी रात्री ठरतं. रविवारी रात्री मी मॅच बघत असतो. अशा वेळी बायकोने ‘मंगळवारी काय करू या?’ असं विचारलं, तर ‘तू म्हणशील ते’ म्हणा. हे वाक्य प्रेमळ आहे आणि त्याला अजिबात खर्च नाही.

भिजत घालण्याच्या बाबतीत आपण मागे आहोत असं मात्र कोणी समजू नये. भांडी घासायची पाळी आली की ताटं-वाट्या झकास घासा आणि दूध करपलेलं पातेलं पाणी भरून सिंकमध्ये ठेवा. ‘भिजत घातलंय’ असं सांगून टीव्हीपुढे बसा. सकाळी ते घासलेलं असतं. मला आजतागायत कळलेलं नाही कसं, आणि मी खोलात गेलेलो नाही.

मुलाची शाळा हे प्रकरण थोडं नाजूक आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर पहिला नंबर आईचा लिहा, एवढं केलंत की पुढची दहा वर्षं सुखाची. माझं ऑफिस ऐरोलीला, हिची बँक फोर्टात. पोराला मधल्या सुट्टीत उलटी झाली की फोन फोर्टात वाजतो, तिथून ऐरोलीला येतो, आणि मी ‘मीटिंगमध्ये आहे, अर्जंट आहे का?’ असं विचारतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही शिरू नका. तिथे रात्री सव्वादहाला ‘उद्या हिरवा चार्ट पेपर आणि पाच वाळलेली पानं’ असा निरोप येतो. ग्रुपमध्ये नसलेल्या माणसाला वाळलेल्या पानांसाठी बॅटरी घेऊन सोसायटीच्या आवारात हिंडावं लागत नाही. तो खिडकीतून ‘जपून गं!’ म्हणू शकतो.

यावर कोणी बोललंच तर कायदा पुढे करा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा मिळाली. कोणाला? बाईला. बापाने एकदा तरी डोकवावं अशी कायद्याचीही अपेक्षा नाही, मग बायकोची का असावी?

आकडे मात्र जपून वापरा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात बायकांची दिवसाची २८९ मिनिटं भरली आणि पुरुषांची ८८. मी उत्साहाने हिला म्हटलं, ‘बघ, आम्हीही जवळजवळ दीड तास करतो!’ तिने बातमी नीट वाचली. ती सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच होती. ज्यांनी लावला नाही ते हिशेबात नव्हतेच. मला हे फार दिलासादायक वाटलं. दिवसभर कशालाच हात लावला नाही, तर देशाची सरासरी खाली ओढल्याचा ठपकाही येत नाही.

संध्याकाळच्या लोकलमध्येही ही व्यवस्था सुंदर दिसते. आमच्या डब्यात भजन रंगतं, कोणी मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते पिसतात. बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. दोन्ही डबे डोंबिवलीला एकाच वेळी पोचतात. मी दमून आलेला असतो. हिची भाजी तयार असते, म्हणजे अर्धं काम झालेलंच असतं, नाही का?

आता माझ्या कारकिर्दीतली खरी परीक्षा सांगतो. गेल्या फेब्रुवारीत हिला बँकेच्या ट्रेनिंगसाठी तीन दिवस नागपूरला जावं लागलं. सोमवारी सकाळी निघताना तिने फ्रिजवर यादी चिकटवली. मी मोजली, तेवीस ओळी. दूधवाल्याचे पैसे, पोराचं खोकल्याचं औषध, पीटीचे पांढरे बूट, बाईंची बुधवारची सुट्टी. मी यादी वाचून तिला म्हटलंसुद्धा, ‘एवढं लिहायची काय गरज? मी काय लहान आहे?’ नंतर तिला दिवसाला चार-पाच फोन केले, पण ते केवळ खात्री करण्यासाठी. औषध जेवणाआधी की नंतर, हे लिहिलेलं होतं, पण पानाच्या मागच्या बाजूला.

मंगळवारी डब्यात मी ब्रेड-जॅम दिला. पोरगं खूश, मी खूश. सोसायटीत दोन काकूंनी ‘एकटा सांभाळतोस हो!’ म्हणून कौतुक केलं, एकीने साबुदाण्याची खिचडी आणून दिली. अकरा वर्षांत हिला कोणी अशी खिचडी आणून दिल्याचं मला आठवत नाही, पण ती कधी अशी एकटी पडलीही नसेल.

बुधवारी रात्री स्वयंपाकघरात वास यायला लागला. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला, सिंकमध्ये फिनेल ओतलं, तरी जाईना. शेवटी ओट्याच्या कोपऱ्यात, उबेला म्हणून पोळ्यांच्या डब्यामागे सरकवलेलं एक चाळणीतलं फडकं सापडलं. सोडलं तर आत बोटभर मोडांचा चिकट गोळा. यादी पाहिली. चौथी ओळ : ‘मंगळवार डबा, मटकी बांधून ठेवली आहे.’

मी लगेच नागपूरला फोन लावला. ती गाडीत बसतच होती. म्हटलं, ‘अगं, ती मटकी कुठे ठेवलीयस ते लिहायला विसरलीस. सांगितलं असतंस तर केलं असतं.’