वायफायचे पासवर्ड बॅकअपमध्ये होते, मग नव्या आयफोनवर का आले नाहीत?

«तुमच्या लेखाप्रमाणे आयफोनचा लॅपटॉपवर पूर्ण बॅकअप घेतला आणि नव्या आयफोनवर टाकला. फोटो, मेसेज सगळं आलं, वायफायचा एकही पासवर्ड नाही. तोच बॅकअप जुन्या फोनवर परत टाकून पाहिला, तर तिथे पासवर्ड व्यवस्थित! लेख दिशाभूल करणारा आहे.»

तुमची तक्रार रास्त आहे. बॅकअप घेताना एका चौकटीवर टिक करावी लागते, हे लेखात सांगायचं राहिलं. आता ते घातलं आहे.

जुन्या फोनवर टाकून पाहिलंत ते फार बरं केलंत, कारण दोष त्यातूनच सापडतो. वायफायचे पासवर्ड कीचेनमध्ये, म्हणजे आयफोनच्या पासवर्ड ठेवायच्या कुलूपबंद तिजोरीत असतात. साध्या बॅकअपमध्येही कीचेन जाते, पण तिच्या कुलपाची किल्ली त्या एकाच फोनच्या चिपमध्ये कोरलेली असते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. म्हणून जुन्या फोनला कुलूप उघडता आलं, नव्याला नाही.

बॅकअप घेण्याआधी Encrypt local backup वर टिक करून पासवर्ड दिला, की हेच कुलूप तुमच्या पासवर्डने उघडतं आणि कीचेन कुठल्याही आयफोनवर उतरते. मॅकवर ही चौकट फाइंडरमध्ये फोन निवडल्यावर General मध्ये दिसते. बॅकअप खरंच असा झाला का, ते Manage Backups मध्ये कळतं: नावापुढे छोटं कुलूप असतं. हा पासवर्ड मात्र कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर तो बॅकअप ॲपललाही उघडता येत नाही.

पण हा बॅकअप टाकायचा तर नवा फोन पुसून सेटअप पहिल्यापासून करावा लागेल. तुमच्या बाबतीत मी तेवढ्यासाठी ते करणार नाही. जुना फोन अजून चालू आहे ना? दोन्ही फोनवर एकच ॲपल अकाउंट ठेवा, Settings मध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करून iCloud मध्ये जा आणि Passwords (काही आवृत्त्यांत Passwords and Keychain) दोन्हीकडे चालू करा. टू-फॅक्टर चालू असायला हवं. मग दोन्ही फोन चार्जिंगला आणि इंटरनेटवर राहू द्या. नव्या फोनला त्यासाठी सिमचा डेटा चालेल, किंवा घरच्या वायफायचा पासवर्ड एकदा हाताने टाका.

आले का, ते नव्या फोनवर Settings > Wi-Fi मध्ये वर उजवीकडे Edit दाबून पाहा. iOS 16 पासून तिथे जतन केलेल्या नेटवर्कची पूर्ण यादी येते. एखादं नाव निवडून फेस आयडी दिला की पासवर्डही वाचता येतो. जुन्या फोनवरची यादी शेजारी धरून नावं जुळवा. एखादं राहिलं असेल तर तेवढा पासवर्ड तिथून बघून टाका. यादी जुळेपर्यंत जुना फोन पुसू नका, एक्स्चेंजवाला दारात उभा असला तरी.